बीजीएमआय : जायरो ‘ऑलवेज ऑन’ ठेवल्यावर नेम आपोआप उजवीकडे सरकतो. सेन्सर स्थिर कसा करावा?

चारबोटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बीजीएमआय चार बोटांनी खेळतो आणि जायरोस्कोप ‘ऑलवेज ऑन’ ठेवतो. फोन अँड्रॉइड असून साधारण दोन वर्षांचा आहे. जायरोची सेन्सिटिव्हिटी विनास्कोप ३००, रेड डॉटला ३००, ३एक्सला २४०, ४एक्सला २०० आणि ६एक्सला १०० अशी आहे.

सुरुवातीचे एक-दोन सामने उत्तम जातात. त्यानंतर हात अजिबात हलवला नाही तरी दृश्य हळूहळू उजवीकडे सरकू लागते. ६एक्स लावून झाडामागच्या खेळाडूची वाट पाहत बसलो, तर तो दिसेपर्यंत झाडच स्कोपच्या कडेला गेलेले असते आणि मला अंगठ्याने सारखे मागे ओढावे लागते. रिकॉइल खाली ओढताना हा त्रास फारसा जाणवत नाही, मात्र शांतपणे नेम धरून बसायचे असेल तेव्हा फार जाणवतो.

एका नामवंत खेळाडूचा सेन्सिटिव्हिटी कोड टाकून पाहिला आणि गेम पुन्हा इन्स्टॉल केला, तरीही फरक पडला नाही. सेन्सर बिघडला आहे असे समजावे का? आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जायरो कॅलिब्रेट करण्याची सोय मला सापडलेली नाही, ती कुठे असते?

---

शिवनेरी_९०

कॅलिब्रेशन अगदी सोपे आहे. फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पाच-सहा वेळा फिरवा, सेन्सर पुन्हा जागेवर येतो. नकाशाच्या ॲपमध्येही हीच कृती दाखवतात. त्याने भागले नाही तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, कारण ३०० हा आकडा दोन वर्षे जुन्या फोनला झेपत नसावा. फोन तापत असेल तर मागे चिकटवायचा कूलर घ्या. माझ्याकडे आहे आणि उपयोग होतो.

---

सूक्ष्ममापी

शिवनेरी यांच्या म्हणण्यातला तापमानाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याकडे मी पुढे येतो. आठच्या आकड्याची कृती मात्र होकायंत्राच्या सेन्सरसाठी, म्हणजे मॅग्नेटोमीटरसाठी असते. आजूबाजूच्या लोखंडाचा आणि चुंबकांचा परिणाम वजा करण्यासाठी त्या सेन्सरला फोन सर्व दिशांना फिरलेला पाहावा लागतो. जायरोची गरज नेमकी उलटी आहे, कारण त्याला कॅलिब्रेट होण्यासाठी फोन पूर्ण स्थिर लागतो. मी ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरवर काम करतो. तिथेही ड्रोन चालू केल्यावर पहिले काही क्षण त्याला हात लावू देत नाहीत, कारण तेवढ्या वेळात कंट्रोलर जायरोचे शून्य ठरवत असतो.

फोनमधला जायरो कोन मोजत नाही. फोन या क्षणी कोणत्या वेगाने वळतो आहे, एवढेच तो सांगतो. आत कंप पावणारा अतिसूक्ष्म सिलिकॉनचा भाग असतो आणि फोन वळला की त्याच्या कंपनाची दिशा किंचित ढळते, ते ढळणे मोजून वळण्याचा वेग काढला जातो. गेम हा वेग घेतो, त्याला तुमच्या सेन्सिटिव्हिटीने गुणतो आणि क्षणाक्षणाला मिळणारी वळणे एकात एक मिळवत जातो. फोन टेबलावर पडून असतानाही सेन्सर ‘शून्य’ऐवजी अगदी छोटा आकडा सांगत असेल, तर तो छोटा आकडाही मिळवला जातो आणि दृश्य एका दिशेने सरकत राहते. काटा मुळातच शून्यावर नसलेल्या वाण्याच्या तराजूत प्रत्येक मालाचे वजन त्याच बाजूला चुकावे, तसे हे होते.

ही शून्यचूक प्रत्येक जायरोत थोडीफार असते आणि तापमानाबरोबर बदलते. अँड्रॉइड ती वजा करूनच गेमला आकडे देते. चूक किती आहे याचा अंदाज बहुतेक फोन स्वतःच, फोन निश्चल असल्याचे कळले की, नव्याने घेतात. म्हणूनच बऱ्याच फोनच्या सेटिंग्जमध्ये वेगळे बटण नसते. अडचण अशी, की खेळताना फोन सतत हातात असल्यामुळे निश्चल क्षण मिळत नाही. थंड फोनवर घेतलेला अंदाज मग तापलेल्या फोनवरही तसाच वापरला जातो.

सेन्सर बिघडला की अंदाज शिळा झाला, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. गेममध्येच एक चांगले मापन यंत्र आहे, ते म्हणजे वरची दिशादर्शक पट्टी, जिच्यावर दर १५ अंशांना खूण असते. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा, जायरो ‘ऑलवेज ऑन’ असू द्या, फोन स्टँडवर आडवा उभा करा आणि हात काढून घ्या. एक मिनिट थांबून पट्टी किती अंश सरकली ते लिहून घ्या. नंतर विनास्कोप जायरो सेन्सिटिव्हिटी ३०० वरून १५० करा आणि तेच पुन्हा करा. सरकणे निम्मे झाले तर चूक सेन्सरकडून येते आहे. ते तेवढेच राहिले, तर जायरोचा संबंध नाही, कारण मग स्क्रीनवर खोटा स्पर्श नोंदला जातो आहे आणि स्क्रीनगार्ड किंवा ओलसर काच तपासायला हवी. हे एकदा थंड फोनवर आणि एकदा तीन सामन्यांनंतर, गरम असताना करा.

---

तांबडीमाती

मला अगदी हाच त्रास होतो, पण घरी नाही, फक्त प्रवासात. मी सावंतवाडीहून बेळगावला एसटीने जातो. आंबोली घाट सुरू झाला की खेळणे अशक्य होते, कारण प्रत्येक वळणाला माझा खेळाडू स्वतःहून गर्रकन वळतो आणि लगेच उलट्या दिशेने परत फिरतो. सरळ रस्त्यावर सगळे व्यवस्थित चालते. माझाही सेन्सर गेला आहे का?

---

सूक्ष्ममापी

तुमचा सेन्सर उत्तम काम करतो आहे. बस वळली की तुम्ही आणि तुमचा फोनही वळता. जायरोला हात वळला की गाडी वळली हा भेद कळत नाही. घाटात नागमोडी वळणे असल्यामुळे ही वळणे एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे दिसतात. कॅलिब्रेशनने हे जाणार नाही. प्रवासात जायरो बंद ठेवून अंगठ्यानेच खेळावे, किंवा ‘स्कोप ऑन’ करावा म्हणजे निदान धावताना दृश्य वळणार नाही. बसमध्ये बसून कॅलिब्रेट करण्याचा प्रयत्न मात्र करू नका, कारण संथ, लांब वळणावर फोनने तीच गती ‘शून्य’ समजून घेतली तर उतरल्यावरही काही काळ नेम सरकत राहील.

---

आसावरी_देव

माझ्या मुलाच्या फोनची स्क्रीन आडवी केल्यावर फिरतच नाही, व्हिडिओ उभाच राहतो. इथे सांगितलेली फोन स्थिर ठेवण्याची कृती त्यावर चालेल का? तो गेम खेळतो म्हणून या धाग्यावर विचारते आहे.

---

मृण्मयी_क

आसावरीताई, स्क्रीन फिरणे ॲक्सेलेरोमीटरवर चालते. गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूला ओढते हे तो सेन्सर पाहतो. त्यामुळे या धाग्यातल्या कृतीचा तुम्हाला उपयोग होणार नाही. आधी वरून पट्टी खाली ओढून ऑटो-रोटेट चालू आहे का ते पाहा, बहुतेक वेळा ते चुकून बंद झालेले असते.

चारबोटी, तुमच्या मोजमापांची वाट पाहते आहे. माझ्या धाकट्या भावाचा त्रास वरवर असाच होता, पण कारण अगदी वेगळे निघाले. त्याबद्दल खाली लिहीन.

---

चारबोटी

मोजून आणले आहे. थंड फोनवर एका मिनिटात पट्टी जागची हललेली दिसली नाही. तीन सामने खेळून लगेच स्टँडवर ठेवल्यावर ३०० वर एका मिनिटात ती जवळपास एक खूण, म्हणजे १५ अंश सरकली. १५० वर सात-आठ अंश सरकली. म्हणजे निम्मे झाले.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली होती. शिवनेरी म्हणतात तसा क्लिपचा कूलर मी आधीपासूनच वापरतो. मोजतानाही तो लावलेला आणि चालू होता.

---

सूक्ष्ममापी

कूलरचा उल्लेख फार उपयोगी आहे. तुमच्या मापांत मला एक गोष्ट खटकत होती. फोन स्टँडवर पूर्ण मिनिटभर स्थिर असताना त्याने नवा अंदाज घेऊन सरकणे थांबवायला हवे होते, पण ते थांबले नाही. कूलरचा पंखा फोनच्या पाठीवर सतत थरथर निर्माण करतो. ती हाताला क्वचितच जाणवते, तरी जायरोला स्पष्ट दिसते. माझा अंदाज असा, की या थरथरीमुळे फोनला आपण निश्चल आहोत हे कधी कळतच नाही आणि जुना अंदाज चालू राहतो. दुसरी शक्यताही आहे. या प्रकारच्या जायरोंमध्ये जोरदार कंपनाने शून्यच थोडे ढळते. तसे असेल तर पंखा शून्यचूक स्वतःच तयार करतो आहे.

दोन्हींतला फरक असा ओळखता येईल. phyphox हे ॲप घ्या, ते जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे आहे आणि मोफत आहे. त्यातला जायरोस्कोपचा प्रयोग उघडा. गेम खेळून फोन गरम झाल्यावर कूलर काढा, फोन स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर पालथा न ठेवता सुलटा ठेवा, मापन सुरू करा आणि अर्धा मिनिट हात लावू नका. गादी, सोफा, डळमळते टेबल किंवा वॉशिंग मशीनशेजारची जागा टाळा. मापन थांबवून सीएसव्ही स्वरूपात एक्सपोर्ट करा. पहिला स्तंभ वेळेचा असतो आणि पुढचे तीन x, y, z अक्षांचे. फोन आडवा उभा धरून डावी-उजवीकडे वळला की ते वळण फोनच्या x अक्षावर येते, म्हणून तुम्हाला दुसरा स्तंभ पाहायचा आहे. स्प्रेडशीटमध्ये सुरुवातीच्या दहा सेकंदांच्या ओळी निवडून सरासरी काढा आणि शेवटच्या दहा सेकंदांची वेगळी काढा. संपूर्ण स्तंभाची सरासरी हवी असेल तर सूत्र एवढेच आहे:

```
=AVERAGE(B:B)
```

तिथे आकडे रेडियन प्रति सेकंद असतात. अंशांत हवे असतील तर ५७.३ ने गुणा.

---

शिवनेरी_९०

आठच्या आकड्याबद्दल नवी माहिती मिळाली, धन्यवाद. कूलरबद्दल मात्र मला पटत नाही. माझ्या फोनवर कूलर लावल्याने खेळ सुधारला आहे. शिवाय कित्येक मोठे खेळाडू ४०० वर खेळतात आणि त्यांचा नेम सरकत नाही. म्हणजे सेन्सर चांगला असेल तर सेन्सिटिव्हिटी जितकी वाढवावी तितके चांगले, असाच त्याचा अर्थ होतो.

---

मृण्मयी_क

कूलर लावल्याने फोन थंड राहतो, फ्रेम पडत नाहीत आणि जायरोही वेळेवर प्रतिसाद देतो असे वाटते, त्यामुळे तुम्हाला खेळ सुधारलेला जाणवणे अगदी खरे आहे. फ्रेम अडखळल्या की हात आधी वळतो आणि दृश्य मागून येते. बरेच जण त्यालाही सेन्सरचा दोष समजतात.

४०० बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. सेन्सिटिव्हिटी तुमच्या हाताच्या हालचालीला जितकी वाढवते तितकीच हाताच्या थरथरीला आणि सेन्सरच्या शून्यचुकीलाही वाढवते. चारबोटींच्या मापांत हेच दिसले, ३०० चे १५० केल्यावर सरकणे निम्मे झाले. ज्यांची कोपरे टेबलावर टेकलेली असतात, मनगट मोकळे असते आणि जे रोज तासन्‌तास त्याच आकड्यावर खेळतात, त्यांना ४०० पेलवते. त्यांचा कोड घेताना त्यांची खुर्ची, फोनचे वजन आणि पकड घेता येत नाही.

आता भावाचा प्रसंग सांगते. त्याने स्वस्तातला फोन घेतला होता. गेममध्ये जायरोचा पर्याय दिसत होता, चालूही होत होता, पण नेम सरकण्याऐवजी तटतट उड्या मारत होता आणि हात थांबल्यानंतरही दृश्य क्षणभर वळतच राहत होते. सेन्सरची माहिती देणाऱ्या ॲपमध्ये पाहिले तर जायरोस्कोपच्या नावापुढे virtual असे लिहिलेले होते. म्हणजे त्या फोनमध्ये जायरोची चिपच नव्हती, होकायंत्र आणि ॲक्सेलेरोमीटर यांच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअर वळण्याचा अंदाज बांधत होते. खऱ्या चिपचे नाव अशा ठिकाणी BMI160, LSM6DSO किंवा icm4x6xx यांसारखे दिसते.

नावावरून खात्री पटली नाही तर phyphox मध्ये जायरो चालू ठेवून टेबलावर ठेवलेल्या फोनजवळून फ्रिजवरचे छोटे चुंबक हळूच फिरवावे. खरा जायरो चुंबकाकडे लक्ष देत नाही आणि आलेख सपाट राहतो. भावाच्या फोनचा आलेख चुंबक जवळ नेताच उसळला. अशा फोनवर कितीही कॅलिब्रेट केले तरी काही होत नाही. त्याने जायरो कायमचा बंद केला आणि आता तो अंगठ्यावरच खेळतो.

---

चारबोटी

माझ्या फोनमध्ये नाव LSM6DSO असे दिसते आणि चुंबकाने आलेख हलला नाही, त्यामुळे ती शंका मिटली.

ओट्यावरची मापे अशी आली. तीन सामने खेळून कूलर काढला आणि लगेच नोंद सुरू केली. x च्या स्तंभाची पहिल्या दहा सेकंदांची सरासरी ०.००१५ आली, शेवटच्या दहा सेकंदांची जवळपास शून्य. आलेखातही रेघ सुरुवातीला शून्याच्या जरा वर होती आणि मध्येच एका क्षणी खाली येऊन बसली. त्यानंतर तसाच गरम फोन घेऊन, कूलर न लावता, ट्रेनिंग ग्राउंडमध्ये गेलो तर मिनिटभरात पट्टी हललेली दिसली नाही.

नंतर कूलर चालू ठेवून हीच नोंद घेतली. तेव्हा रेघ जाड, केसाळ दिसत होती आणि अर्ध्या मिनिटात ती शून्यावर आली नाही.

---

सूक्ष्ममापी

यापेक्षा स्पष्ट नोंद क्वचित मिळते. मध्येच एका क्षणी रेघ खाली येऊन बसली, तोच क्षण फोनने स्वतःला निश्चल ओळखून नवे शून्य स्वीकारल्याचा आहे. म्हणजे सेन्सर शाबूत आहे आणि फोनची स्वयंचलित कॅलिब्रेशनची यंत्रणाही चालते, फक्त तिला संधी मिळत नव्हती.

आकड्यांचा मेळही बसतो. ०.००१५ ला ५७.३ ने गुणले की सेकंदाला सुमारे ०.०८६ अंश येतात, म्हणजे मिनिटाला पाच अंशांच्या जरा वर. गेममध्ये ३०० वर तुम्हाला मिनिटाला १५ अंश दिसले, म्हणजे तिप्पट. तुमच्या या मापांवरून तुमच्या फोनवर विनास्कोप ३०० ला हाताच्या एका अंशाचे दृश्यात सुमारे तीन अंश होत असावेत. कागदावर ३० अंशांचा कोन आखून, फोन त्या रेषांवर उभा धरून वळवा आणि पट्टी किती सरकते ते पाहा, म्हणजे हेही पडताळता येईल.

आता कृती. थंड फोनवर सकाळी केलेले कॅलिब्रेशन तुमच्या उपयोगाचे नाही. एक-दोन सामने खेळून फोन त्याच्या नेहमीच्या गरमपणाला आला की कूलर काढा, चार्जिंगची वायर काढा, phyphox मध्ये जायरोची नोंद चालू करा आणि फोन ओट्यावर किंवा फरशीवर ठेवा. जायरो वापरणारे एखादे ॲप चालू असायला हवे, नाहीतर सेन्सर झोपलेला असतो आणि काही शिकत नाही. रेघ शून्यावर बसली की फोन उचला आणि पुढचा सामना सुरू करा. तापमान पुन्हा फार बदलले तर पुन्हा करावे लागेल. खेळताना चार्जिंग लावले की फोन अधिक तापतो आणि तुम्ही नुकतेच घेतलेले शून्य हळूहळू निरुपयोगी होते, म्हणून चार्जिंग सामन्यांच्या मध्ये करावे. गेममधले व्हायब्रेशनही बंद ठेवा, कारण गोळी लागल्यावर फोनची मोटर थरथरते तेव्हा जायरोला तेही वळणेच वाटते.

कूलर फक्त निश्चलता हिरावून घेतो की शून्यही ढळवतो, हे तुमच्या नोंदींवरून मला ठामपणे सांगता येत नाही. पंखा चालू असताना रेघ शून्याच्या वर राहिली, याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो.

---

शिवनेरी_९०

यावर तोडगा म्हणून, कूलर लावायचाच असेल तर तो गेमआधी काढून शून्य घ्यायचे आणि मग लावायचा, असे केले तर?

---

सूक्ष्ममापी

करून पाहायला हरकत नाही. पंख्याच्या थरथरीने शून्य ढळत नसेल तर याने काम होईल. तो लावल्यावर लगेच नेम सरकू लागला, तर तुमच्या कूलरमुळे शून्य ढळते हे सिद्ध होईल. पंख्याची पाती वाकडी किंवा धुळीने भरलेली असतील तर आधी स्वच्छ करा, थरथर बरीच कमी होते.

सॅमसंगच्या फोनवर डायल पॅडवर `*#0*#` टाइप केल्यास चाचणीचा पडदा उघडतो. शाओमी-रेडमीवर त्यासाठी `*#*#6484#*#*` आहे. तिथे सेन्सर उत्तर देतो की नाही एवढे कळते, पण गरम झाल्यावर नेम सरकतो का, या प्रश्नाला ती चाचणी पुरत नाही.

---

मृण्मयी_क

शून्य जागेवर आल्यावरच सेन्सिटिव्हिटी ठरवायला बसावे, नाहीतर सेन्सरची चूक झाकण्यासाठी आकडे बदलले जातात. माझी पद्धत लिहिते, ती भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांवर आधारलेली आहे.

ट्रेनिंग ग्राउंडमध्ये मोठ्या सपाट भिंतीसमोर उभे राहायचे. एम४१६ वर कॉम्पेन्सेटर आणि व्हर्टिकल ग्रिप लावायची, ३एक्स लावायचा आणि भिंतीवर एखादा डाग किंवा कोपरा निवडून पूर्ण मॅगझिन न थांबता मारायचे. बंदूक वर उसळते म्हणून फोनची वरची कड स्वतःपासून दूर, पुढे झुकवत जायचे. उसळी सारखीच असल्यामुळे हे झुकणेही एकाच वेगाने व्हावे लागते.

नंतर खुणा पाहायच्या. खुणा वर चढत गेल्या तर हात पुरेसा वळत नाही किंवा सेन्सिटिव्हिटी कमी आहे. सुरुवातीला खाली उतरून मग वर-खाली नागमोडी गेल्या, तर सेन्सिटिव्हिटी जास्त आहे, कारण हात प्रत्येक चूक दुरुस्त करताना पुढे जातो आहे. खुणा एकाच उंचीवर राहून फक्त डाव्या-उजव्या बाजूला पसरल्या, तर आकडा बदलू नये. पकड सैल आहे किंवा फायरचे बटण दाबताना फोन वळतो आहे. डाव्या तर्जनीने फायर करून पाहावे.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गोळ्या चालू असताना ‘एडीएस जायरोस्कोप’चे आकडे लागू होतात आणि फक्त नेम धरून बसलेले असताना साध्या ‘जायरोस्कोप’चे. चारबोटींचा त्रास वाट पाहताना जाणवत होता आणि रिकॉइल ओढताना नाही. गोळीबाराच्या वेळी हात सतत दुरुस्ती करत असल्यामुळे छोटी चूक लपते, आणि वाट पाहताना ती उघडी पडते. म्हणून मी ६एक्स आणि ८एक्ससाठी साधा आकडा मुद्दाम खाली ठेवते आणि एडीएसचा त्यापेक्षा वर. एका वेळी एकाच स्कोपचा एकच आकडा बदलावा, १०-२० च्या टप्प्याने, आणि दर वेळी त्याच भिंतीसमोर त्याच अंतरावर उभे राहावे.

वळणाचे काम जायरोवर टाकू नये असे माझे ठाम मत आहे. पाठीमागून पावलांचा आवाज आला की मोठे वळण अंगठ्याने घ्यावे आणि शेवटचे काही अंश मनगटाने. मनगट एका बाजूला टोकाला गेलेले असताना स्कोप उघडला की पुढे वळायला जागा उरत नाही. म्हणून धावताना अंगठ्याने दृश्य वळवता वळवता मनगट शांतपणे मधोमध आणून ठेवायची सवय लावावी.

---

चारबोटी

शून्य घेऊन कूलरशिवाय संध्याकाळी खेळलो. ६एक्सवर झाड स्कोपमध्ये जिथे होते तिथेच राहिले. फोन नेहमीपेक्षा जास्त तापला आणि शेवटच्या सामन्यात फ्रेम थोड्या पडल्या, त्यामुळे कूलरला पर्याय शोधावा लागेल. भिंतीवर ३एक्सच्या खुणा आधी खाली जाऊन नागमोडी वर जात होत्या, म्हणून एडीएसचा आकडा २४० वरून दोन टप्पे खाली आणला आहे.

---

टिळकरोडकर

मी अंथरुणावर पडून, फोन डोक्यावर धरून खेळतो. बसून ठरवलेली सेन्सिटिव्हिटी पडल्यावर वेगळीच वाटते आणि डावी-उजवीकडचे वळण विचित्र येते. यालाही शून्यचूकच कारण आहे का? आयफोनवर हे कॅलिब्रेशन कुठे असते तेही सांगावे.

---

सूक्ष्ममापी

आयफोनमध्ये जायरोसाठी वापरणाऱ्याने करायचे वेगळे कॅलिब्रेशन नाही, शून्यचूक यंत्रणाच वजा करते. लोकेशन सर्व्हिसेसच्या आत जे ‘कंपास कॅलिब्रेशन’ दिसते ते होकायंत्राचे आहे, ते बंद-चालू करून नेमावर परिणाम होणार नाही.

पडून खेळण्याबद्दल, मला शून्यचूक हे कारण वाटत नाही. बसून फोन उभा धरला असताना तुम्ही डावीकडे वळवता तेव्हा फोन उभ्या अक्षाभोवती फिरतो. पडून तोच हात तसाच हलवला तर फोन खोलीच्या हिशेबाने वेगळ्याच दिशेने फिरतो, शिवाय कोपरांना आधार नसल्याने मनगटाऐवजी खांदा हलतो. गेम वळण फोनच्या अक्षावरून घेतो की जमिनीच्या हिशेबाने, हे तुमच्या अनुभवाला निर्णायक आहे. ते असे तपासता येईल: ट्रेनिंग ग्राउंडमध्ये फोन टेबलावर सपाट, स्क्रीन वर करून ठेवा आणि तसाच सपाट ३० अंश फिरवा. पट्टी हलली का आणि किती हलली, हे इथे लिहा. फोन उभा धरून केलेल्या तेवढ्याच वळणाचाही आकडा द्या.

---

टिळकरोडकर

आज रात्री दोन्ही प्रकारे मोजतो आणि आकडे टाकतो.

---

मृण्मयी_क

पडून खेळणाऱ्या आणखी कुणी मोजले तर त्यांनीही फोनचे मॉडेल आणि सेन्सिटिव्हिटी यांसह आकडे टाकावेत. माझ्या फोनवर सपाट फिरवल्यावर पट्टी हलते, पण उभ्या धरलेल्या वळणाइतकीच हलते का ते मी अजून पाहिलेले नाही, उद्या पाहते.